येडूतात्याची झोप, भाकरी आणि चार पावलं

फॉर्म बघितला की माझं डोकं उठतं, आणि नोकरी अशी की दिवसभर फॉर्मच भरायचे. मी सोलापुरातल्या एका दवाखान्यात मानसिक आजारांच्या विभागात नर्स आहे. नाव संघप्रिया. आठवड्यातले तीन दिवस वॉर्डात आणि तीन दिवस स्कूटीवर, पेशंटच्या घरी. झोप किती झाली, जेवण किती झालं, दिवसभरात काय काय केलं, वजन किती, हे सगळं लिहायचं आणि पुढच्या आठवड्यासाठी काय करायचं ते ठरवून द्यायचं. आमच्यात त्याला काळजी योजना म्हणतात. येडूतात्याची योजना मीच केली होती. चांगली केली होती. इतकी चांगली, की तीच अंगाशी आली.

तात्या सांगोल्याकडचा धनगर. वय सत्तरीच्या अलीकडे-पलीकडे, खरं त्यालाही माहीत नाही. उभा जन्म मेंढरांमागे गेला. बायको गोजाबाई दोन वर्षांपूर्वी वारली. एकट्याच्यानं मेंढरं हिंडवणं होईना, म्हणून मुलानं कळप विकला आणि बापाला सोलापूरजवळ कुंभारीला आणलं. मुलगा सिद्धनाथ टॉवेलच्या कारखान्यात कामाला. कामगारांच्या वसाहतीत दोन खोल्या, पुढे पत्र्याची पडवी. सून दानेश्वरी अक्कलकोटकडची, चिडली की कानडीत चिडायची.

मुलानं बापासाठी काय केलं नाही! आतली खोली दिली, लोखंडी पलंग दिला, वर नवा पंखा. आणि तात्या त्या पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडला तो उठेनाच. चार महिन्यांत नऊ किलो उतरला. "म्हातारपण हाय, चालायचंच," असं शेजारीपाजारी म्हणत राहिले. शेवटी तो पाणीसुद्धा नको म्हणाला, तेव्हा सिद्धनाथनं त्याला रिक्षात घालून आमच्याकडे आणलं. डॉक्टरांनी तपासलं, रक्त-थायरॉईड सगळं बघितलं आणि सांगितलं, तीव्र नैराश्य. तात्यानं वॉर्डात राहायला साफ नकार दिला. मरायचा विचार येतो का, असं डॉक्टरांनी विचारलं तेव्हा "न्हाय" म्हणाला. घरात माणसं होती, गोळ्या सुनेनं स्वतःच्या हातानं द्यायच्या असं ठरलं, आणि घरभेटीसाठी माझं नाव लागलं.

निघताना डॉक्टरांनी मला थांबवलं. "संघप्रिया, एक लक्षात ठेव. गोळ्यांनी झोप आणि भूक आधी सुधारते, अंगात बळ आधी येतं. मन मागून येतं. मधल्या दिवसांत जास्त जपायचं."

"हो सर, माहिती आहे," मी म्हणाले. माहिती होतंच की. परीक्षेत पाच मार्कांना लिहिलेलं होतं.

पहिल्या भेटीत मी दानेश्वरीसमोर कागद पसरला. तात्याला वाचता येत नाही म्हणून किराणा दुकानातलं कॅलेंडर घेतलं आणि प्रत्येक तारखेच्या घरात तीन चित्रं काढली. चंद्रकोर म्हणजे झोप, गोल म्हणजे भाकरी, पाऊल म्हणजे हालचाल. रात्री साडेनऊला आडवं व्हायचं, पहाटे साडेपाचला उठायचं, दिवसा अर्ध्या तासाच्या वर झोपायचं नाही, चारनंतर चहा नाही. दिवसातून तीनदा खायचं, थोडं का होईना, त्यात एकदा दूध आणि एकदा अंडं. रोज अंघोळ, पंधरा मिनिटं बाहेर उन्हात बसणं आणि कोपऱ्यावरच्या लिंबाच्या झाडापर्यंत चालून येणं. जे जमेल त्या चित्रावर खूण करायची. रोजच्या खुणेसाठी घरात पेन सापडेना, तेव्हा दानेश्वरीनं आरशावरचं टिकल्यांचं पाकीट काढलं. लाल टिकली झोपेची, हिरवी जेवणाची, चॉकलेटी हालचालीची, म्हणजे अंघोळ, ऊन आणि चालणं. मला तिचं हे लई आवडलं.

पुढच्या मंगळवारी जाऊन बघते तर पाकीट भरलेलंच. कॅलेंडरवर एक टिकली, तीही अंघोळीची, तीही सिद्धनाथनं उचलून मोरीत नेलं होतं म्हणून.

"आता काय करू सांगा मॅडम," दानेश्वरी रडकुंडीला आली होती. "पयलं ताट त्येंनाच वाडते. गरम भाकरी, वर तूप. पोरांना मागं ठेवते, यांना आधी देते. एक घास तोंडात घेतात अन् तसाच धरून बसतात. थुकून टाकतात."

मी पलंगाशेजारी खाली बसले. तात्याचं तोंड भिंतीकडे. म्हटलं, "तात्या, जेवण का जात नाही?"

 मी तिथंच हटून बसले, मला दुसरं काय काम होतं? मग भिंतीकडे बघतच तो म्हणाला, "बाई, माझ्या जन्मात मी जनावराच्या आदी खाल्लं न्हाय. मेंढरं बसली, कोकरं पाजली, कुत्र्याला टाकलं, मंग आमी. आता सून सकाळच्या पारी ताट आणून म्होरं ठिवती. कुणाच्या आदी खातुय मी? काय केलंय म्हणून खातुय?"

"आणि चालायला का जात नाही?"

"मोकळ्या हातानं? म्होरं काय न्हाय, मागं काय न्हाय. येड्यावानी लिंबाला हात लावून यायचं? लोक हासतील."

"आणि झोप?"

"हितं, ह्या उच्च्यावर? वर त्ये गरगरतंय. भुई लागत न्हाय पाठीला."

मी कपाळावर हात मारून घेतला. मी माझ्या आजीला चालायला लावावं तशी योजना केली होती. माणूस कोण, आयुष्यभर कसा झोपला, कसा जेवला, हे विचारायचं असतं ते मी विचारलंच नव्हतं. भर उन्हात तशीच उठले आणि शेजारच्या गुरप्पाकडे गेले. त्याच्याकडे तीन शेळ्या होत्या. म्हटलं, एक शेळी सकाळ-संध्याकाळ आमच्या तात्याला द्या. गुरप्पा आधी माझ्या तोंडाकडे बघत राहिला. मग म्हणाला, "कुणी फुकट राखत असंल तर तिन्ही न्या की ओ!"

तीन नको, एकच. उद्दिष्ट लहानच ठेवायचं असतं. पहिल्या आठवड्यात शेळी पडवीत बांधायची आणि तात्यानं तिला हातानं पाला घालायचा, बस्स. तिनं खाल्लं की मग त्याचं ताट. दुसऱ्या आठवड्यात दावं हातात धरून लिंबापर्यंत. पलंग मी मोडून बाहेर काढायला लावला. सिद्धनाथला वाईट वाटलं, हौसेनं घेतला होता बिचाऱ्यानं. पडवीत भुईवर तात्याचं घोंगडं अंथरायचं, असं मी फॉर्मवर माझ्या अक्षरात लिहिलं: 'झोप: पडवीत, स्वतःच्या घोंगड्यावर.' ते घोंगडं काळं, जाड, एका कडेला लाल दोऱ्यानं शिवलेलं. गोजाबाईनं शिवलेलं, असं दानेश्वरी म्हणाली. एवढे दिवस ते पत्र्याच्या पेटीत घडी घालून ठेवलं होतं, खराब होईल म्हणून.

मग मात्र टिकल्या लागू लागल्या. आधी हिरव्या. अर्धी भाकरी, हुलग्याचं पातळ माडगं एक वाटी, मग आख्खी भाकरी आणि शेंगाची चटणी. मग चॉकलेटी. लिंबाच्याही पुढे, कालव्याच्या पुलापर्यंत. लाल सगळ्यात उशिरा लागल्या, कारण तो पहाटे तीनला जागा व्हायचा आणि पडून राहायचा. चौथ्या आठवड्यात तो साडेचारपर्यंत झोपू लागला. वजन दोन किलो वाढलं. सहाव्या मंगळवारी मी कॅलेंडर हातात घेतलं तर सगळा आठवडा लाल, हिरवा, चॉकलेटी. एक घर रिकामं नाही. मी फोटो काढून डॉक्टरांना पाठवला. त्यांचं उत्तर आलं, 'छान. महिन्याच्या बैठकीत ही केस तू मांड.' आणि खाली, 'मनाचं काय?'

मनाचं काय! मनाचा रकाना फॉर्मवर होताच. 'मृत्यूचे किंवा जीव देण्याचे विचार.' पहिल्या तीन भेटींत मी तात्याला स्पष्ट विचारलं होतं. तीनदा "न्हाय" आलं. चौथ्या वेळी तो शेळीला पाला घालत होता, दानेश्वरी हसत होती, आणि मला ते विचारणं अगदी जिवावर आलं. चांगल्या चाललेल्या घरात अभद्र कशाला बोलायचं? मी 'नाही' लिहून टाकलं. पाचव्या आणि सहाव्या वेळी तर घरून निघतानाच लिहून ठेवलं होतं. फॉर्म बघितला की माझं डोकं उठतं म्हणाले ना, ते ह्याच्यासाठी.

डॉक्टरांना मी उत्तर दिलं, 'उत्तम आहे सर.'

त्या दिवशी मी निघाले तेव्हा तात्या उठून उभा राहिला. अंघोळ केलेला, पटका नीट बांधलेला. चेहरा शांत, इतका शांत मी कधी बघितला नव्हता. हातात घोंगडं, घडी घातलेलं.

"बाई, ह्ये तुमाला."

"अहो तात्या, हे काय! आम्हाला काही घेता येत नाही, नियम आहे."

"न्हाय म्हणू नगा. लई हिंडलासा माझ्यापायी उनातानाचं. लेकीवानी केलंत. ठिवा."

दानेश्वरीच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्याही. मी एका बौद्ध घरातली पोर, माझ्या आज्याला धनगराच्या वाड्यात लांबूनच पाणी वाढायचे, हे आईकडून ऐकलेलं. तसल्याच घरातला म्हातारा आपल्या हातानं मला घोंगडं देतोय. मी ते घेतलं. स्कूटीच्या पुढच्या जागेत ठेवलं आणि अक्कलकोट रोडनं घरी येईपर्यंत स्वतःवर खूश होते. बैठकीत काय बोलायचं त्याची मनात जुळवाजुळव करत होते. आता लाज वाटते सांगायला.

घरी आले तर पाच वाजून गेले होते. आई, केसरबाई तिचं नाव, दारात शेंगा निवडत बसली होती. मी मोठ्या तोऱ्यात घोंगडं तिच्या मांडीवर ठेवलं. आईचं लहानपण सांगोला तालुक्यातच गेलेलं. तिनं घोंगडं उलगडलं, हात फिरवला, वास घेतला.

"वापरातलं हाय," ती म्हणाली.

"असू दे की. त्यांनी प्रेमानं दिलंय."

"प्रेमानं द्यायचं तर नवं देत्यात ग. अंगाखालचं कोण देतंय?" तिनं लाल दोऱ्यावरून बोट फिरवलं. "धनगर मानूस भाकरी दील, कोकरू दील. निजायचं घोंगडं न्हाय देत. त्ये त्येच्यासंगंच जातं." मग अगदी साधं, भाजीला मीठ घातलं का असं विचारावं तसं तिनं विचारलं, "मंग आज त्यो निजायचा कशावर?"

 मी स्वतः लिहिलं होतं, पडवीत, स्वतःच्या घोंगड्यावर. ज्याला आज रात्री झोपायचं आहे तो माणूस अंथरूण देऊन टाकत नाही.

मी दानेश्वरीला फोन लावला. "तात्या कुठे आहेत?"

"हितंच, पडवीत. बसलेत गप. का ओ मॅडम?"

"शेळी कुठे आहे?"

"गुरप्पाची व्हय? दुपारीच सोडून आले की. उद्यापासनं न्हेत न्हाय म्हणले. म्हणलं बरं झालं, दमले असतील." मग तिचा आवाज बदलला. "काय झालं मॅडम?"

"दानेश्वरी, नीट ऐक. त्यांच्याजवळ जाऊन बस. मी येईपर्यंत एक मिनिटही त्यांना एकटं सोडू नकोस. मोरीत गेले तरी दाराशी उभी राहा. गुरप्पाला हाक मारून बोलावून घे. औषधाची बाटली, फवारणीचं काही, गोळ्यांचा डबा, जे असेल ते गुरप्पाच्या घरी पाठव. सिद्धनाथला पाळी सोडून ये म्हणावं."

तिनं फोन चालूच ठेवला, आणि तिची पावलं मला ऐकू आली. मग तो ठेवून मी डॉक्टरांना फोन केला आणि खरं ते सांगितलं, रकाना न विचारता भरला हेही. ते रागावले नाहीत. "घेऊन ये," एवढंच म्हणाले. ते रागावले असते तर बरं झालं असतं.

मी पोचले तेव्हा उजेड होता अजून. तात्या भुईवर भिंतीला टेकून बसला होता. एका बाजूला दानेश्वरी, दुसऱ्या बाजूला गुरप्पा, उगाचच शेळ्यांबद्दल काहीबाही बोलत होता बिचारा. तात्यानं माझ्या हातातलं घोंगडं बघितलं आणि मान खाली घातली.

मी समोर बसले. "तात्या, जीव द्यायचा विचार आहे का?"

दानेश्वरीनं तोंडावर पदर दाबला.

"तुमी इचारायचं सोडलं व्हतं," तो म्हणाला.

"चुकलं माझं. आता विचारते."

"व्हय," तात्या म्हणाला. "पयल्यापास्नं हाय. पर तवा उटायचं बी बळ नव्हतं. तुमी भाकर खायाला लावली, निजायला लावलं, चालायला लावलं. अंगात बळ आलं. म्हणलं आता जमंल. आज राती ठरवलं व्हतं." तो बोलत होता ते तक्रार म्हणून नव्हे. हिशोब सांगावा तसंही नव्हे. दमलेला माणूस सांगतो तसं. "गोजा गेली, मेंढरं गेली. मी कुणाचा राखणदार ऱ्हायलो आता? घोंगडं तेवढं सुनेनं पेटीत कुजवू नये, म्हणून तुमाला दिलं."

मी तिथेच हुंदके देऊन रडले. पेशंटसमोर रडायचं नसतं, शिकवलेलं असतं सगळं. आणि तो म्हातारा, आज रात्री मरायला निघालेला, मलाच म्हणतो, "रडू नगा बाई. तुमचं काय चुकलं न्हाय. तुमी सांगितलं त्ये समदं म्या केलं."

तेच तर, तात्या. तेच तर.

आठ वाजता सिद्धनाथ आणि मी त्याला वॉर्डात भरती केलं. आमच्याकडे पटका, धोतर, कंबरेचा करदोडा सगळं काढून घेतात, पेशंटच्या सुरक्षेसाठी. आयुष्यात पहिल्यांदा तात्या पायजम्यात, उघड्या डोक्यानं, लोखंडी खाटेवर बसला. त्याला त्या अवस्थेत बघून सिद्धनाथ बाहेर जाऊन भिंतीवर डोकं आपटत राहिला. घोंगडंही आत नेऊ दिलं नाही, मी वॉर्डच्या सिस्टरशी भांडले, पण नियम तिच्या बाजूनं होता. ते माझ्याकडेच राहिलं. आईनं ते उन्हात घालून घडी घातली.

मी डॉक्टरांपुढे योजना पुन्हा लिहिली. झोप, जेवण, हालचाल तीच. पण सगळ्यांच्या वर, पहिल्या ओळीला तो प्रश्न, आणि पुढे 'रोज, तोंडानं विचारून'. कुणाला फोन करायचा, रात्री कोण जवळ झोपणार, घरात काय कुलपात ठेवायचं, हे तात्याला विचारून लिहिलं. तो "हूं" म्हणायचा, तेवढंच. बैठकीत मी केस मांडली, पण ठरवली होती तशी नाही. टिकल्यांच्या कॅलेंडरचा फोटो दाखवला आणि म्हटलं, हे बघून मी फसले. 

वॉर्डात पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. डॉक्टरांनी गोळी बदलली. तात्याला झोप नाही, भाकरी अर्धीसुद्धा नाही. तो माझ्याशी एका शब्दापलीकडे बोलत नव्हता. मी रोज सकाळी जायचे, विचारायचे, "आज जीव द्यावासा वाटतो का?" आणि तो रोज म्हणायचा, "व्हय." मी तसंच लिहायचे. आठ दिवस आठ वेळा व्हय. दानेश्वरी खाटेखाली चटईवर झोपायची, पोरं गुरप्पाच्या घरी. ती एकदा मला म्हणाली, "मॅडम, आधी न्हाय म्हणायचे तेच बरं होतं ओ." 

नवव्या दिवशी गेले. विचारलं. तात्या खिडकीकडे बघत होता. बाहेर सोलापूरचं ऊन, नुसतं पांढरं. उत्तर आलं नाही म्हणून मी पेनचं टोपण लावून उठायला लागले.

"बाई."

"काय तात्या?"

"घोंगडं कुटं हाय माझं?"

"माझ्या घरी आहे. आईनं जपून ठेवलंय."

तो मग उघड्या डोक्यावरून हात फिरवत, माझ्याकडे न बघता म्हणाला, "दानेश्वरी राच्चं चटईवर निजती. भुई गार लागती तिला. तिला अंथराया द्या." आणि जरा थांबून, "पर तिला देऊन टाकू नगा. घरला गेल्यावर मला लागंल त्ये."

वॉर्डच्या सिस्टरला मी सांगितलं, घोंगडं पेशंटसाठी नाही, सोबतच्या बाईसाठी आहे. तिनं ते झटकून, चाचपून बघितलं आणि आत नेऊ दिलं. फॉर्म मात्र मी लगेच भरला नाही. पुन्हा खाटेजवळ गेले आणि तोच प्रश्न दुसऱ्यांदा विचारला. तात्या वैतागला. "सांगितलं की आत्ता, घोंगडं लागंल म्हणून," तो म्हणाला. "अजून हाय. पर आज न्हाय." मी जसंच्या तसं लिहून घेतलं.